तक्रार बंद करण्याची घाई कशाला?

कार्यालयातील संगणक बिघडला, छपाई होईना, पासवर्ड चालेना, की आपण हेल्पडेस्कला तक्रार नोंदवतो. तक्रारीला क्रमांक मिळतो, तिला 'तिकीट' म्हणतात, आणि ते तिकीट किती मिनिटांत बंद झाले यावर हेल्पडेस्कवरील कर्मचाऱ्याचे काम मोजले जाते. हा कर्मचारी बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो. दिवसाला किती तिकिटे बंद केली याचा तक्ता त्याच्या डोक्यावर टांगलेला असतो. छपाईयंत्राच्या तक्रारीला हा हिशेब एक वेळ चालेल. परंतु काही तक्रारी अशा असतात की वरून दिसायला साध्या कामाच्या, पण प्रत्यक्षात त्या चोरीच्या वर्दी असतात. तक्रार करणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. अशी तक्रार नेहमीच्या घाईने बंद केली, तर चोराच्या मागे दार लावून घेतल्यासारखे होते. फरक इतकाच की चोर घरातच राहिलेला असतो.

फिशिंग म्हणजे काय हे आता बहुतेकांना माहीत आहे. ओळखीच्या नावाने खोटा संदेश पाठवायचा, त्यातील लिंकवरून हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर न्यायचे आणि तेथे पासवर्ड टाकून घ्यायचा. असा संदेश ओळखावा कसा, यावर आपल्याकडे भित्तिपत्रके लागतात, व्याख्याने होतात. संदेश फसवा होता हे कळल्यानंतर, तिकीट बंद करण्यापूर्वी काय काय करायचे, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेख त्या मधल्या काळाविषयी आहे. हा काळ फार तर काही तासांचा असतो, पण नुकसान टळते किंवा होते ते त्याच तासांत.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रसंग घेऊ. सोमवारची सकाळ. एका शाखेतील कर्मचारी भगिनीने १० वाजून ४० मिनिटांनी नोंदवलेली तक्रार अशी : "मेलबॉक्स भरल्याचा संदेश आला होता. दिलेल्या लिंकवर जाऊन पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला आकडाही टाकला, तरी जागा वाढली नाही. कृपया जागा वाढवून द्यावी." तक्रारीचा वर्ग आपोआप पडला तो 'मेलबॉक्स : जागा'. हेल्पडेस्कवरच्या मुलाला जागा वाढवण्याचा अधिकार आहे. त्याने ती वाढवली, "काम झाले" असा शेरा मारला, तर सहा मिनिटांत तिकीट बंद. तक्त्यात एक चांगला आकडा पडला. भगिनीचेही समाधान झाले.

आता तीच तक्रार पुन्हा वाचा. जागा वाढवण्याची मागणी शेवटच्या ओळीत आहे. खरी बातमी मधल्या ओळीत आहे : पासवर्ड टाकला, मोबाईलवरचा आकडा टाकला, आणि काही झाले नाही. कार्यालयाचे मेल खाते जागा वाढवण्यासाठी कधीही पासवर्ड मागत नाही. म्हणजे पासवर्ड आणि आकडा दुसऱ्याच कोणाच्या हातात गेला. "तरी चालले नाही", "पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारते", "कागद उघडला पण कोरा निघाला", "कुरिअरवाल्याच्या पानावर पैसे भरले पण पावती आली नाही" ही वाक्ये तक्रारीत दिसली की हात थांबवावा. काम मागितले आहे त्यापेक्षा वेगळे आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी. मग तिकिटाचा वर्ग बदलून ते सुरक्षा विभागाच्या नावे करायचे आणि मूळ नोंदीची वेळ तशीच ठेवायची. नवीन तिकीट काढून जुने बंद करू नये. ही वेळ पुढे महत्त्वाची ठरते.

यानंतरचे काम फोनवर करायचे. त्या भगिनीला मेलने प्रश्न विचारले तर ते कदाचित चोरही वाचत असेल. उत्तरही तोच देऊ शकेल. म्हणून कार्यालयाच्या यादीतील क्रमांकावर फोन करून शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात. संदेश नुसता पाहिला, की लिंक उघडली? उघडली असल्यास काही टाकले का, आणि नेमके काय? एखादी फाईल उतरवली वा उघडली का? आणि हे साधारण किती वाजता? या चार उत्तरांवर पुढचा सारा मार्ग ठरतो. नुसता पाहिला असेल तर खात्याला धोका नाही, मात्र इतरांचा शोध घ्यावा लागेल. पासवर्ड दिला असेल तर खाते ताब्यात घ्यावे लागेल. फाईल उघडली असेल तर तो संगणक जाळ्यापासून तोडून बाजूला ठेवावा लागेल. तो बंद करू नये, कारण चालू स्थितीतील बराच पुरावा बंद करताच पुसला जातो. चौकशीचा सूर "असे कसे केलेत?" असा असेल तर समोरचा माणूस "नाही, मी काही टाकले नाही" असे म्हणून मोकळा होतो, आणि हेल्पडेस्क चुकीच्या वाटेने जाते. सौजन्य येथे शिष्टाचारापुरते नाही, खरी माहिती मिळवण्याचे ते साधन आहे.

मूळ संदेश पुसू नका, हे त्याच फोनवर सांगावे. तो साध्या 'फॉरवर्ड'ने मागवूही नये. तसे केल्यास संदेशाचा मजकूर येतो, पण तो कोणत्या वाटेने आला हे सांगणाऱ्या वरच्या ओळी, म्हणजे हेडर, गळून पडतात. पाकीट फेकून देऊन नुसते पत्र पाठवण्यासारखेच ते. संदेश जोडपत्र म्हणून, `.eml` फाईलच्या रूपात मागवावा, किंवा अधिकार असल्यास सर्व्हरवरून घ्यावा. आपल्या प्रसंगातील हेडरच्या कामाच्या ओळी अशा असतील :

```
From: "Mail Admin" <admin@karyalay-mail.example>
Authentication-Results: mx.karyalay.example;
  spf=pass smtp.mailfrom=karyalay-mail.example
Received: from [203.0.113.45]; Mon, 04:38:12 +0000
```

यात दोन ठिकाणी माणसे फसतात. `spf=pass` पाहून काही जण संदेश खरा मानतात. त्याचा अर्थ एवढाच की `karyalay-mail.example` या पत्त्याच्या मालकाने ज्या सर्व्हरला परवानगी दिली त्याच सर्व्हरवरून पत्र आले. पण तो पत्ता आपल्या कार्यालयाचा नाहीच. आपला `karyalay.example`, आणि हा मध्ये एक शब्द घालून कोणीतरी विकत घेतलेला. चोराने स्वतःच्या नावाने खरी सही केली, म्हणून शिक्का 'बरोबर' पडला. दुसरी चूक वेळेची. `+0000` म्हणजे ही वेळ भारतीय नाही. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०४:३८ म्हणजे आपले सकाळचे १० वाजून ८ मिनिटे. हा हिशेब चुकला की पुढच्या सगळ्या नोंदी जुळेनाशा होतात आणि "त्या वेळी कोणी खात्यात शिरलेच नव्हते" असा खोटा दिलासा मिळतो.

लिंक काय आहे हे पाहण्यासाठी ती स्वतःच्या संगणकावर उघडणे हा मोहही टाळावा. अशा लिंकमध्ये पुष्कळदा ज्याला पत्र पाठवले त्याचा मेलपत्ता गुंफलेला असतो. ती उघडली की मासा गळाशी आल्याचे पलीकडे कळते. बाहेरच्या तपासणी संकेतस्थळावर ती अख्खी चिकटवली तर तेथील नोंद इतरांनाही दिसू शकते आणि आपल्या कर्मचाऱ्याचा पत्ता जगजाहीर होतो. पुढच्या शोधासाठी लिंकमधील संकेतस्थळाचे नाव पुरते. ते मजकूर म्हणून उतरवून घ्यावे.

आता खात्याकडे वळू. पासवर्ड बदलला की झाले, हा समज सर्वांत घातक आहे. एकदा खात्यात प्रवेश झाला की संगणकाला एक ओळखचिठ्ठी मिळते, आणि ती दाखवून तो पुन्हा पुन्हा पासवर्ड न देता आत येत राहतो. त्याला सत्र म्हणतात. आजकालचे खोटे पान मध्यस्थासारखे वागते : आपण टाकलेला पासवर्ड आणि मोबाईलवरचा आकडा ते त्याच क्षणी खऱ्या पानाला देते आणि मिळालेली ओळखचिठ्ठी स्वतःकडे ठेवून घेते. म्हणून मोबाईलवरच्या आकड्याने आपण सुरक्षित आहोत असे मानून चालत नाही. पासवर्ड बदलल्यानंतरही ही चिठ्ठी चालत राहू शकते. यासाठी पासवर्ड बदलतानाच सर्व चालू सत्रे तोडायची, आणि हे काम खात्यावर ताबा असलेल्या प्रशासकाने करायचे. नवा पासवर्ड फोनवर किंवा समक्ष द्यायचा. जुना पासवर्ड त्या भगिनीने आणखी कोठे वापरला आहे का, हेही विचारावे. पगारपत्रकाच्या किंवा बँकेच्या खात्याला तोच असला तर तेथेही तो त्याच दिवशी बदलायला हवा.

यानंतर चोराने मागे काय ठेवले ते पाहायचे. आत शिरलेला माणूस पुढच्या वेळेची सोय करून जातो. मोबाईलवरचा आकडा आपल्यालाही यावा म्हणून तो खात्याला स्वतःचा फोन जोडतो. एखाद्या बाहेरच्या अॅपला मेल वाचण्याची परवानगी देऊन ठेवतो. ही परवानगी पासवर्ड बदलल्याने जात नाही, ती वेगळी काढावी लागते. आणि तो मेलबॉक्समध्ये नियम लिहितो. नियम म्हणजे "अमुक शब्द असलेले पत्र आले की तमुक कप्प्यात टाक" ही सूचना. मायक्रोसॉफ्टची मेलव्यवस्था असेल तर प्रशासकाला ते असे पाहता येतात :

```
Get-InboxRule -Mailbox shakha12@karyalay.example -IncludeHidden |
  Format-List Name,Description,Enabled
```

आपल्या प्रसंगात प्रवेशाची नोंद काढली तेव्हा दिसले की १० वाजून २० मिनिटांनी भगिनीने पासवर्ड टाकला आणि १० वाजून २७ मिनिटांनी अनोळखी ठिकाणाहून खात्यात प्रवेश झाला. १० वाजून ३१ मिनिटांनी एक नियम लिहिला गेला. त्याला नाव म्हणून नुसता एक ठिपका होता. नियम असा, की 'पासवर्ड', 'सुरक्षा' किंवा 'खाते क्रमांक' हे शब्द असलेले येणारे पत्र वाचलेले म्हणून नोंदवून `RSS Feeds` या कप्प्यात टाकावे. हा कप्पा कोणी उघडत नाही. म्हणजे हेल्पडेस्कने सावधगिरीचे पत्र पाठवले असते तरी ते त्या भगिनीला दिसले नसते.

नियमात 'खाते क्रमांक' हे शब्द का, याचे उत्तर पाठवलेल्या पत्रांत मिळाले. ११ वाजून २ मिनिटांनी तिच्या नावाने लेखा विभागाला पत्र गेले होते : ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, या महिन्याचे बिल नव्या खात्यावर चुकते करावे. लेखा विभागातील कारकुनाने उलट शंका विचारली असती तर ती शंका `RSS Feeds` मध्ये पडली असती आणि "होय, बरोबर आहे" असे उत्तर चोराने दिले असते. बिल दुपारी चुकते व्हायचे होते. हेल्पडेस्कने लेखा विभागाला फोन केला आणि ठेकेदाराच्या जुन्या, नोंदीतील क्रमांकावर विचारणा झाली, म्हणून रक्कम थांबली. पैसे गेले असते तर पहिला फोन बँकेला आणि दुसरा १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करावा लागला असता. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. तेथे मिनिटे मोजली जातात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फुटण्यापूर्वीच ती गोठवता येते.

एका खात्याची व्यवस्था लागली तरी तिकीट बंद होत नाही. असा संदेश सहसा एकालाच येत नाही. ज्याने सांगितले तो एक. ज्यांनी सांगितले नाही ते किती, हा खरा प्रश्न. संदेशांच्या नोंदीत शोध घ्यायचा, पण नुसत्या विषयाच्या ओळीवरून नाही, कारण चोर ती ओळ प्रत्येक पत्रात थोडी बदलतो. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि लिंकमधील संकेतस्थळाचे नाव यांवरून शोधावे. आपल्या प्रसंगात तो संदेश २३ जणांना गेलेला निघाला. कार्यालयाच्या इंटरनेट नोंदीवरून त्यांपैकी चौघांनी लिंक उघडल्याचे दिसले. आणि ज्या अनोळखी ठिकाणाहून १० वाजून २७ मिनिटांनी प्रवेश झाला, त्याच ठिकाणाहून आणखी कोणत्या खात्यांत प्रवेश झाला हे पाहिले तेव्हा दोन खाती सापडली. त्यांतील एका भावाने तर मोबाईलवर लिंक उघडली होती, त्यामुळे कार्यालयाच्या इंटरनेट नोंदीत तो दिसतच नव्हता. नोंदींचा एकच कप्पा पाहून निष्कर्ष काढू नये तो यासाठी. या दोघांनी काहीच कळवले नव्हते. शोध घेतला नसता तर भगिनीचे खाते स्वच्छ होऊन ही दोन खाती चोराकडेच राहिली असती. मग उरलेल्या मेलबॉक्समधून तो संदेश काढून घ्यायचा, संकेतस्थळ अडवायचे आणि २३ जणांना स्वतंत्रपणे कळवायचे.

कायद्याची बाजूही आहे. केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७०-ब कलमाखाली काढलेल्या निर्देशांप्रमाणे, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवायच्या असतात. फिशिंगचे हल्ले त्या यादीत आहेत. कंपन्या आणि सरकारी संस्था, दोघांनाही हे बंधन आहे. संगणक व्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधनही त्याच निर्देशांत आहे. आता 'लक्षात आणून दिल्यापासून' हे शब्द पाहा. भगिनीने १० वाजून ४० मिनिटांनी लिहून दिले होते. सुरक्षित हिशेब धरायचा तर घड्याळ तेव्हाच सुरू झाले आणि मुदत दुपारी ४ वाजून ४० मिनिटांना संपते. 'मेलबॉक्स : जागा' म्हणून ती तक्रार सहा मिनिटांत बंद केली असती तर कार्यालयाची मुदत कोणाच्याही नकळत उलटून गेली असती. मूळ तिकिटाची वेळ जपा असे वर म्हटले ते याचसाठी.

"पण काही झाले तर नाही ना?" हा प्रश्न वरिष्ठ हमखास विचारतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत काही झाले नाही हा कशाचाच पुरावा नव्हे. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे प्रकरण आठवावे. अमेरिकी तपासयंत्रणेच्या आरोपपत्राप्रमाणे त्या बँकेतील कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाच्या मिषाने फसवी पत्रे गेली ती २०१५ च्या सुरुवातीला. पैसे गेले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. मधे सुमारे एक वर्ष. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील खात्यातून सुमारे १०.१ कोटी डॉलर बाहेर पडले, त्यांतील ८.१ कोटी फिलिपाईन्सला पोचले. तेथे त्या वर्षभरात कोणाच्या हातून कोणती संधी सुटली याचा निवाडा येथे करायचा नाही. मुद्दा एवढाच की पत्र आणि चोरी यांत वर्षाचे अंतर असू शकते, आणि आत शिरलेला माणूस त्या काळात गप्प बसून पाहत असतो.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हेल्पडेस्ककडे रोज डझनावारी संशयास्पद पत्रे कळवली जातात. प्रत्येकासाठी असा तपास करायचा तर बाकीची कामे कोणी करायची? आक्षेप खरा आहे. कळवलेल्या पत्रांपैकी पुष्कळ नुसत्या जाहिराती असतात, काही खरीच निघतात, काही व्यवस्थापनाने परीक्षेसाठी स्वतः पाठवलेली असतात. म्हणून तर फोनवरचे चार प्रश्न आधी. नुसते पाहिले असेल तर तपास दहा-पंधरा मिनिटांचा : आणखी कोणाला आले ते शोधा, कोणी उघडले ते पाहा, पत्र काढून घ्या, बंद करा. लांबचा मार्ग फक्त तेव्हाच, जेव्हा कोणीतरी काही टाकले आहे किंवा उघडले आहे. हा फरक करता यायचा तर प्रश्न विचारायला सवड हवी, आणि सहा मिनिटांचा तक्ता नेमकी तीच सवड हिरावतो.

दुसरी अडचण अधिकारांची. कंत्राटी हेल्पडेस्कवरील कर्मचाऱ्याला सत्रे तोडण्याचा, नियम पाहण्याचा, इतरांच्या मेलबॉक्सच्या नोंदी शोधण्याचा अधिकार सहसा नसतो, आणि सरसकट तो असूही नये. पण मग अधिकार असलेल्या माणसाचे नाव आणि फोन क्रमांक त्याच्या टेबलावर लिहिलेला असला पाहिजे, सुट्टीच्या दिवसाचा आणि रात्रपाळीचाही. तिकीट दुसऱ्या विभागाकडे ढकलले म्हणजे ते कोणीतरी पाहिले असे होत नाही. पलीकडून माणसाने ते स्वीकारल्याची नोंद झाली की मगच ते आपल्या हातून सुटले असे समजावे.

तिसरी गोष्ट आपल्या संघटनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. अशा प्रसंगानंतर त्या भगिनीच्या हातात मेमो पडतो. "निष्काळजीपणे गोपनीय पासवर्ड उघड केला" असे त्यात लिहिलेले असते. परिणाम काय होतो? २३ जणांना पत्र गेले, पाच जणांनी लिंक उघडली, तिघांची खाती गेली, आणि लेखी सांगितले एकटीनेच. तिच्याच एका ओळीमुळे उरलेली दोन खाती सापडली आणि ठेकेदाराचे बिल वाचले. शिक्षा तिला, आणि गप्प बसलेल्या दोघांना काही नाही, असा न्याय झाला तर पुढच्या वेळी तीही गप्प बसेल. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राच्या फिशिंगविषयक मार्गदर्शनातही अशा कर्मचाऱ्यांना शिक्षा करू नये असेच सांगितले आहे, आणि त्याचे कारणही हेच दिले आहे : शिक्षेच्या धाकाने माणसे कळवायचे थांबतात. ज्याने जाणूनबुजून पासवर्ड विकला त्याची गोष्ट वेगळी. त्याची चौकशी जरूर व्हावी. पण फसवला गेलेला आणि फितूर झालेला, या दोघांना एकाच कलमाखाली आणणे हे कार्यालयाच्याही हिताचे नाही.

तेव्हा तिकीट बंद करायचे कधी? बंद करताना लिहिण्याचा शेरा नीट लिहिता आला, तर आणि तेव्हाच. आपल्या प्रसंगात तो असा असेल :

"संदेश १०.०८ वा. आला, मूळ प्रत जपली. पासवर्ड व मोबाईलवरील आकडा दिला गेला. खात्यात १०.२७ वा. परका प्रवेश, सत्रे तोडली, पासवर्ड बदलला, लपवणारा नियम काढला, परका फोन वा अॅप जोडलेले आढळले नाही. आणखी २ खात्यांत तोच प्रवेश. त्यांचीही तीच व्यवस्था केली. २३ मेलबॉक्समधून संदेश काढला, संकेतस्थळ अडवले. लेखा विभागास गेलेले बनावट पत्र रद्द, रक्कम गेली नाही. सर्ट-इनला दुपारी ३.१५ वा. कळवले. १०.२७ ते ११.३५ या काळात कोणती पत्रे वाचली गेली हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही. तक्रारदारास फोनने सर्व कळवले."

यातील शेवटून दुसरे वाक्य लिहायला धैर्य लागते, पण ते गाळू नये. खात्यात कोण शिरला हे नोंदी सांगतात. त्याने कोणते पत्र डोळ्यांखालून घातले हे त्या नेहमीच सांगतील असे नाही. त्या मेलबॉक्समध्ये ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या प्रती असतील तर त्या गेल्या असे धरूनच वरिष्ठांनी पुढचा निर्णय घ्यायला हवा. आणि अखेरचे वाक्य सौजन्यापोटी नाही. जिने कळवले तिला पुढे काय झाले हे कळले, तर पुढचा संशय ती पहिल्या पाच मिनिटांत कळवील.

आपल्या संलग्न संघटनांनी हा विषय व्यवस्थापनापुढे ठेवताना तीन मागण्या नेमक्या शब्दांत मांडाव्यात. फिशिंगच्या तक्रारींना बंद करण्याच्या वेळेच्या तक्त्यातून वगळावे आणि त्यांचे मोजमाप वरील शेऱ्यातील बाबी पूर्ण झाल्या की नाही यावरून व्हावे. कंत्राटी हेल्पडेस्कला चोवीस तास उपलब्ध असलेल्या अधिकारी व्यक्तीचा क्रमांक लेखी द्यावा. आणि फसव्या संदेशाची माहिती स्वतःहून देणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या कारणास्तव कारवाई होणार नाही, असे परिपत्रक काढावे. यांपैकी एकाही मागणीला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.